युरोची पट्टी: रुपये लिहा, पण युरो खोडू नका



नेदरलँडला गेलेल्या द्राक्षाच्या पट्टीचा फोटो मोबाईलवर आला, की आपण पहिलं काम काय करतो? गुणाकार करून रुपये काढतो आणि तेवढेच वहीत उतरवतो. तिथंच घोळ होतो.

आधी आकडे वाचायची पद्धत बघा. तिकडे हजाराला टिंब आणि पैशाला स्वल्पविराम, म्हणजे आपल्या उलट. 8,50 म्हणजे साडेआठ युरो, साडेआठशे नाही. 5.100,00 म्हणजे पाच हजार एकशे. इंग्लंडची पट्टी मात्र पौंडात असते आणि तिथं टिंब आपल्यासारखंच चालतं. म्हणून आकड्याशेजारी EUR आहे की GBP, तेही उतरवा.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. 600 पेट्या, दर 8,50, एकूण 5.100,00. कमिशन 408,00, हाताळणी व भाडं 1.092,00, निव्वळ 3.600,00 युरो. फोटोत 1.092 मधला 9 पुसट असला तर 1.002 वाचला जातो. पण वजाबाकी केली की निव्वळ 3,690 येतं, पट्टीवर तर 3.600 आहे. चूक लगेच सापडते. तुम्ही नुसते रुपये लिहिले असते, तर ते पट्टीतल्या कुठल्याच आकड्याशी ताडून बघता आले नसते.

आता रुपये. पट्टीच्या दिवशी युरो 90 रुपये होता, म्हणून तुम्ही 3,24,000 धरले. पैसे आले महिन्याभरानं, आणि जमा झाले 3,17,272.50. पहिला संशय येतो तो निर्यातदारावर! थांबा. बँकेच्या जमा-सूचनेची प्रत मागा. तिच्यावर 3,585 युरो आणि दर 88.50 दिसला, तर हिशोब उलगडतो. दर दीड रुपयानं उतरला, त्याचे 5,400 गेले. 15 युरो मधल्या बँकेनं कापले, त्याचे 1,327.50. दोन्ही मिळून 6,727.50, फरक बरोबर तेवढाच. आता भांडायचंच असेल तर 15 युरोंवर भांडा: करारात बँक खर्च कोणाकडे, ते बघा. दर उतरल्याचा दोष कोणाला देता येत नाही, दर आधीच बांधून घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

वहीत एक ओळ अशी ठेवा:
निव्वळ EUR 3,600 | दर 90 (पट्टीचा दिवस) | रु. 3,24,000 अंदाजे

पैसे आले की खाली दुसरी ओळ लिहा, बँकेच्या दराची आणि तारखेची. पहिली खोडू नका. अंक वाचता येत नसेल तर अंदाजानं भरू नका, तिथं प्रश्नचिन्ह टाका.

आणि फोटो पुढं पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोत बारीक टिंबं पुसट होतात, आणि इथं सगळा खेळ टिंबाचाच आहे.