यंत्रभागांचा थकवा : पोलादी शाफ्ट का तुटतो?

चारपट भार पेलू शकेल असा पोलादी शाफ्ट नेहमीच्याच भाराखाली काही महिन्यांनी अचानक तुटतो, तेव्हा त्यामागे बहुधा थकवा असतो. हा प्रश्न रेल्वेच्या आसांमुळे ठळकपणे पुढे आला. प्रशियातील अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर दीर्घ प्रयोग केले.

फिरणाऱ्या आसावर भार एकाच दिशेने असला, तरी पृष्ठभागावरील प्रत्येक कण अर्ध्या फेरीत ताणला जातो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत दाबला जातो. या ताण-दाबाची एक जोडी म्हणजे एक आवर्तन. असंख्य आवर्तनांनंतर पृष्ठभागावर सूक्ष्म तडा पडतो आणि तो हळूहळू आत सरकतो.

एकाच पोलादाचे अनेक नमुने वेगवेगळ्या प्रतिबलांखाली, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला येणाऱ्या वेगवेगळ्या अंतर्गत बलांखाली, तुटेपर्यंत फिरवतात. उभ्या अक्षावर प्रतिबल आणि आडव्या अक्षावर आवर्तने मांडली, की एस-एन आलेख मिळतो. आडव्या अक्षावर प्रत्येक टप्पा आधीच्या दहापट असतो : हजार, दहा हजार, लाख, दहा लाख. प्रतिबल कमी करावे तसे आयुष्य वाढते. पोलादाची रेषा दहा लाख आवर्तनांच्या सुमारास आडवी होते. या पातळीस सहनसीमा म्हणतात. तिच्याखाली नमुना तुटत नाही, असे आपण धरतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट सीमा नसते.

आता एक उदाहरण पाहू. पोलादाचे अंतिम सामर्थ्य 600 न्यूटन प्रति चौ. मिमी आहे. गुळगुळीत नमुन्याची सहनसीमा त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे 300 असते. प्रत्यक्ष शाफ्ट मात्र लेथवर कातलेला व आकाराने मोठा असतो. पृष्ठभागासाठी 0.8 आणि आकारासाठी 0.85 हे गुणक लावल्यास 204 उरतात. व्यास जिथे एकदम बदलतो त्या खांद्याच्या कोपऱ्यात प्रतिबल एकवटते. तेथील परिणाम 1.6 पट धरला, तर 204 भागिले 1.6, म्हणजे सुमारे 127 एवढीच मर्यादा राहते.

शाफ्टवरील प्रतिबल 150 आहे. 600 शी तुलना केली तर तो चौपट सुरक्षित वाटतो. 127 शी केली तर असुरक्षित ठरतो. मिनिटाला 1440 फेरे घेणारा शाफ्ट दहा लाख आवर्तने बारा तासांच्या आतच ओलांडतो. म्हणून येथे प्रतिबल सहनसीमेखालीच ठेवावे लागते. त्यासाठी जाड शाफ्टच हवा असे नाही. कोपऱ्याची गोलाई वाढवून 1.6 चे 1.2 केले, तर मर्यादा 170 होते आणि तोच शाफ्ट टिकतो.

तुटलेला तुकडा हाती आल्यास त्याचे तोंड पाहावे. थकव्याने तुटलेल्या भागावर, ओहोटीनंतर वाळूवर उमटाव्यात तशा वक्र रेषांचा गुळगुळीत पट्टा बहुधा दिसतो, आणि उरलेला भाग खडबडीत असतो. त्या रेषा जिथून पसरतात, तेथेच पहिला तडा पडलेला असतो. बहुतेक वेळा ती जागा एखादा तीक्ष्ण कोपरा, चावीची खाच किंवा ओरखडा असते.