पगारवाढ मागताना: वाढीव कामाचा हिशेब वेगळा मांडा

एखादा सहकारी नोकरी सोडतो, त्याचं काम ‘तात्पुरतं’ म्हणून आपल्याकडे येतं आणि सहा महिन्यांत ते आपलंच होऊन बसतं. एप्रिलमध्ये पत्र हातात पडतं तेव्हा त्यात सगळ्यांना मिळाली तेवढीच वाढ असते. वाढलेल्या कामाचा मोबदला तिच्यातच जिरवलेला असतो. वार्षिक वाढ जुनं काम नीट केल्याबद्दल मिळते. नवं काम अंगावर घेतल्याचा मोबदला ही वेगळी मागणी आहे आणि ती वेगळीच मांडावी लागते.

उदाहरणादाखल चाकणच्या एका कारखान्यातली अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह घेऊ. पगार दरमहा ४५,००० रुपये, काम विक्रीची बिलं आणि वसुली. ऑगस्टमध्ये जीएसटी आणि टीडीएस बघणारे सीनियर सोडून गेले, त्यांची जागा भरली नाही आणि ते काम हिच्याकडे आलं.

काय करावे

काम कधी आलं आणि त्यातून काय झालं, हे लिहून ठेवा. ‘मी खूप जास्त काम करते’ या वाक्याचा मॅनेजरला उपयोग नसतो, कारण ते वाक्य त्याला दिवसातून चार जण ऐकवतात. तिने लिहावं ते असं: ऑगस्टपासून टीडीएसचा भरणा दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जीएसटीआर-१ अकराच्या आत, जीएसटीआर-३बी विसाच्या आत, एकदाही विलंब शुल्क किंवा व्याज नाही. शिवाय खरेदीची बिलं पोर्टलवरच्या २बीशी ताडून पाहताना काही पुरवठादारांनी बिलं चढवलीच नसल्याचं लक्षात आलं. फोन करकरून ती चढवून घेतली आणि अडकलेलं ३ लाख २० हजारांचं क्रेडिट कंपनीला मिळालं. या शेवटच्या ओळीचं वजन सगळ्यांत जास्त आहे, कारण तिच्यात कष्टांऐवजी कंपनीचे वाचलेले पैसे दिसतात. जुनं काम चालूच आहे, हेही एका ओळीत लिहावं. नाहीतर ‘एक काम गेलं, दुसरं आलं’ असा अर्थ लावला जातो.

आकडा सांगा आणि तो कसा काढला तेही सांगा. तिच्या कंपनीत नेहमीची वाढ साधारण ८ टक्के आहे. ४५,००० वर ती ३,६०० होते, म्हणजे ४८,६००. आपल्याइतका अनुभव असलेल्या आणि जीएसटी-टीडीएस स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या माणसाला आजूबाजूच्या कारखान्यांच्या जाहिरातींत ५४ ते ५८ हजार दिसतात. म्हणून तिची मागणी ५६,००० ची: ३,६०० वार्षिक वाढीचे आणि ७,४०० नव्या कामाचे. अशी फोड केली की ‘एकदम चोवीस टक्के?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. कितीवर समाधान मानायचं हेही आधी ठरवावं, समजा ५३,०००. तो आकडा मात्र स्वतःपाशीच ठेवावा.

बजेट ठरण्याआधी बोला. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या पगारांचा आकडा डिसेंबर ते फेब्रुवारीत ठरतो. मार्चअखेरच्या अप्रेझलच्या बैठकीत पहिल्यांदा विषय काढला, तर मॅनेजरची इच्छा असूनही हातात काही उरलेलं नसतं. डिसेंबरात वेगळी वेळ मागावी: “सर, ऑगस्टपासून माझ्याकडे आलेल्या कामाबद्दल बोलायचं होतं. या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का?” विषय आधीच सांगितला की सरांनाही विचार करायला वेळ मिळतो. तिने रिटर्न भरण्याचे दिवस मात्र टाळावेत. त्या दिवसांत अकाउंट्समध्ये कुणाचंच डोकं जागेवर नसतं.

मॅनेजरला वर पाठवता येईल असं एक पान द्या. बहुतेक ठिकाणी मॅनेजर एकटा पगार वाढवत नाही. त्याला एचआरकडे आणि त्याच्या वरच्या साहेबांकडे शब्द टाकावा लागतो, आणि तिथे आपण हजर नसतो. म्हणून बोलणं झाल्यावर त्याच दिवशी छोटी ईमेल करावी: आधीची कामं, ऑगस्टपासूनची कामं, परिणाम, मागणी. ती त्याला जशीच्या तशी पुढे पाठवता आली पाहिजे. सूर साधा ठेवावा: “सर, आज बोललो त्याप्रमाणे तपशील देत आहे. नव्या जबाबदाऱ्यांसह माझा पगार दरमहा ५६,००० व्हावा, अशी विनंती आहे.”

काय टाळावे

घरखर्चाचं कारण देऊ नका. घराचा हप्ता, मुलांची फी, आईचं आजारपण हे सगळं खरं असतं आणि ऐकणाऱ्याला वाईटही वाटतं. पण वर पाठवायच्या टिपणात त्याला ते लिहिता येत नाही. शिवाय खर्च प्रत्येकालाच आहेत, त्यामुळे मागणी लगेच दुबळी होते.

‘त्यांना इतका पगार होता’ असं म्हणू नका. सोडून गेलेल्या सीनियरचा पगार ठाऊक असला तरी तो काढू नये. त्यांचा अनुभव जास्त होता, असं उत्तर मिळतं आणि बोलणं आपल्या कामावरून त्यांच्या अनुभवाकडे सरकतं. जाहिरातींतला पल्ला पुरेसा आहे.

नसलेली ऑफर दाखवू नका. “मग घ्या ती” असं म्हटलं गेलं, तर मागे फिरता येत नाही. ऑफर खरी असेल आणि जायची तयारी असेल, तरच ती काढावी.

नुसतं पदनाम किंवा एकदाच मिळणारा बोनस घेऊन विषय मिटवू नका. ‘सीनियर’ हा शब्द पुढच्या नोकरीत उपयोगी पडतो, हे मान्य. पण बोनस एकदा खर्च झाला की संपतो. दर महिन्याचा पगार वाढला की पुढच्या वर्षीची टक्केवारी त्या वाढलेल्या पगारावर मोजली जाते. वाढ मूळ पगारात किती आणि भत्त्यांत किती, हेही विचारा, कारण ग्रॅच्युइटीसारख्या गोष्टींचा हिशेब मुख्यतः मूळ पगारावर होतो. आकडा सीटीसीचा आहे की हातात येणारा, हे तर आधीच स्पष्ट करून घ्यावं. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, त्यामुळे कागदावरचे ११,००० खात्यात तेवढेच दिसतील असं नाही.

‘बघू’ या उत्तरावर उठू नका. चिडू नये, कामात ढिलाईही करू नये. एक रिटर्न चुकलं तर सगळी मांडणी कोसळते. शांतपणे विचारावं: “सर, निर्णय कोण घेणार आणि साधारण कधीपर्यंत कळेल?” तारीख मिळाली की ती ईमेलमध्ये लिहावी आणि त्या तारखेला पुन्हा जावं.

उत्तर स्पष्ट नकाराचं आलं, तर दोनच गोष्टी मागाव्यात. एक, नवं काम आपल्या जबाबदाऱ्यांच्या यादीत लेखी यावं आणि पगाराचा फेरविचार सहा महिन्यांनी, ठरलेल्या महिन्यात व्हावा. हे होत नसेल तर दुसरी: त्या जागेवर माणूस कधी येणार आणि आपण काम कोणत्या तारखेला सोपवायचं, हे ठरवून द्यावं. ही दुसरी मागणी करताना अनेकांना संकोच वाटतो. वाटू नये. कामाचा मोबदला मिळणार नसेल, तर ते काम तात्पुरतं होतं, या त्यांच्याच शब्दाची आठवण करून देणं पूर्ण रास्त आहे. दोन्हींपैकी एकही मिळालं नाही, तर ते लिहून ठेवलेलं पान बायोडेटात घालावं. जीएसटी आणि टीडीएस एकटीने सांभाळल्याचा अनुभव तिथे पहिल्या ओळीत शोभतो.