जागा वाचली, गुलाल गेला

मिनी डीव्ही कॅसेटवरील चित्रीकरण संगणकावर उतरवल्यास तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, कारण त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असते. याउलट २०१३ मध्ये प्रमाणित झालेला एचईव्हीसी हा कोडेक, म्हणजे चित्र आटवून साठवण्याची रीत, मुख्यतः लगतच्या फ्रेममधील फरक साठवतो आणि त्यामुळे तेच चित्रीकरण एक-दोन जीबीत बसू शकते. प्रस्तुत लेखकाने ४० कॅसेटींच्या फायली अशा रीतीने आटवल्या, प्रत्येकीचे पहिले मिनिट पाहिले आणि मूळ फायली पुसल्या. कॅमेरा तोवर बंद पडला होता व कॅसेटी रद्दीत गेल्या होत्या.

विसर्जन मिरवणुकीच्या एकाच कॅसेटची मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर राहून गेली होती, आणि ती शेजारी लावून पाहिल्यावर हानी कळली. मूळ चित्रात गुलालाचे कण उडताना वेगळे दिसत होते. नव्या फाइलीत त्यांचा सपाट गुलाबी पट्टा झाला होता. याचे कारण `crf` या मूल्यात होते. हे मूल्य दर्जा ठरवते, ते जितके लहान तितका तपशील अधिक आणि फाइल मोठी. एचईव्हीसीसाठी वापरलेल्या x265 या एन्कोडरमध्ये ते न सांगितल्यास २८ धरले जाते, आणि त्या पातळीला बारीक, सतत बदलणारा तपशील सर्वांत आधी गाळला जातो.

दुसरी चूक याहून दुखरी होती. पाल पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपतो, एकदा सम ओळी व एकदा विषम ओळी, आणि अशा दोन अर्धचित्रांची एक फ्रेम होते. ती जुळवताना वापरलेला `yadif` हा फिल्टर मूळ मांडणीत सेकंदाला २५च फ्रेम देतो, म्हणून हालचालीचे निम्मे क्षण गेले आणि लेझीम झटक्याझटक्याने हलू लागले. पुढील आदेशात सर्व ५० क्षण टिकतात:

```
ffmpeg -i mul.avi -vf bwdif=mode=send_field:parity=bff -c:v libx265 -crf 18 -preset slow -c:a aac -b:a 192k nava.mkv
```

यातील `bff` म्हणजे खालच्या ओळींचे अर्धचित्र आधी, हा डीव्हीचा क्रम होय. तो उलटा पडल्यास हलणारी वस्तू पुढे-मागे थरथरताना दिसते आणि चूक लगेच ओळखू येते. परीक्षेसाठी मात्र पहिले मिनिट निरुपयोगी असते, कारण तिथे बहुधा स्थिर मंडप किंवा देव्हारा असतो. गुलाल, पाऊस, दिव्यांची रोषणाई किंवा अंधारातील गर्दी असलेली दोन मिनिटे निवडून ती मूळ चित्रासोबत मोठ्या पडद्यावर पाहावीत. अशा प्रसंगांत १८ वर फाइल अपेक्षेपेक्षा बरीच मोठी होते, आणि ती होऊ द्यावी, कारण तपशील तिथेच आहे. आधी आटवलेली फाइल पुन्हा कमी मूल्यावर चालवल्याने गेलेले कण परत येत नाहीत, केवळ आकार वाढतो. म्हणून वाचलेली ती मिरवणूक आता मूळ डीव्ही रूपातच, दोन डिस्कवर ठेवलेली आहे.