एका खणात क्रेट किती?

उज्जैनला मक्सी रोडवरच्या एका गोदामात रॅक उभे राहिले, क्रेटचा ट्रक रिकामा झाला, आणि मग मला बोलावणं आलं. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारे व्यापारी आहेत. २०२८ च्या सिंहस्थाआधी साठा वाढवायचा म्हणून त्यांनी बारा खणांचे रॅक घेतले होते. कोटेशनमध्ये एका खणात ४९ क्रेट मावतील असं लिहिलेलं, म्हणून ५८८ क्रेट मागवले. प्रत्यक्षात रॅकवर बसले ३३६. उरलेल्या २५२ क्रेटच्या थप्प्या मधल्या वाटेत लागल्या आणि हातगाडी आत जाईना. गोदामांची मांडणी करून देताना हा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून तो हिशेब इथे उलगडून मांडतो.

खण म्हणजे दोन खांबांमधली रॅकची जागा. इथे तो १८०० मिमी रुंद, ६०० मिमी खोल आणि २४०० मिमी उंच होता. क्रेट बाहेरून ६०० लांब, ४०० रुंद, २२० उंच. कोटेशन करणाऱ्याने खणाच्या घनफळाला क्रेटच्या घनफळाने भागलं आणि ४९ काढले. भागाकार बरोबर आहे, पण तो पाण्यासाठी बरोबर आहे. पाणी कुठल्याही सांदीत शिरतं. क्रेट शिरत नाही. क्रेट मोजताना रुंदी, खोली आणि उंची या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा करायचा, आणि प्रत्येक वेळी अपूर्णांक सोडून द्यायचा.

आधी रुंदी घेऊ. क्रेटची ४०० ची बाजू समोर ठेवली तर १८०० मध्ये साडेचार बसतात, म्हणजे चार. दोन क्रेटच्या मध्ये आणि दोन्ही खांबांपाशी बोटभर फट हवीच, नाहीतर क्रेट बाहेर ओढताना शेजारचाही सोबत येतो. मी फट २५ मिमी धरतो. एक्सेलमध्ये ते असं लिहितात:

```
=INT((1800-25)/(400+25))
```

उत्तर ४. आता ४०० च्या जागी ३०० घालून बघा. साध्या भागाकाराने बरोबर सहा येतात, सूत्राने मात्र पाचच. मला सगळ्यात जास्त भीती अशा नेमक्या भाग जाणाऱ्या आकड्याची वाटते. कागदावर तो फार देखणा दिसतो, आणि सहावा क्रेट खांबावर आपटून तिथेच अडतो. खांबांच्या आतल्या बाजूला क्रेटच्या काठाचे घासल्याचे ओरखडे दिसले, की फट न धरताच आखणी झाली आहे हे ओळखावं. आणखी दोन गोष्टी विक्रेत्याला विचारून घ्या. १८०० हे माप खांबाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आहे की मध्यापासून मध्यापर्यंत? आणि क्रेटचं माप आतलं की बाहेरचं? काही कॅटलॉगमध्ये आतलं माप ठळक छापतात. वरचा काठ आणि मुठी बाहेर आलेल्या असतात, म्हणून टेप तिथेच लावावी.

खोलीला नियम थोडा सैल चालतो, कारण समोरची बाजू उघडी असते. ६०० खोलीत ६०० लांबीचा क्रेट बसला, काठ पाच-दहा मिमी पुढे आला, तरी बिघडत नाही. फक्त पाठीला पाठ लावून रॅक उभे असतील तर मागे अडपट्टी हवी. नाहीतर इकडून ढकललेला क्रेट पलीकडून खाली पडतो.

खरी गफलत उंचीत होते. फळीच्या वरच्या पृष्ठापासून पुढच्या फळीच्या वरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर म्हणजे मोकळी जागा नव्हे. त्यातून आडव्या बीमची आणि फळीची जाडी जाते, इथे ६० मिमी. शिवाय क्रेटच्या वरून हात आत गेला पाहिजे. हातमोजा घातलेल्या हाताला मी ७० मिमी ठेवतो. २२० अधिक ७० अधिक ६०, झाले ३५०. खांबावरच्या खाचा ५० मिमीच्या अंतराने होत्या, त्यामुळे ३५० नेमकं जुळलं. बेरीज ३६० आली असती तर बीम ४०० च्या खाचेत लावावी लागली असती, आणि प्रत्येक थराला ४० मिमी वाया गेले असते. पहिली फळी जमिनीपासून १५० वर. तिथून ३५० च्या टप्प्याने गेलं की सातवी फळी २२५० वर येते. सात थर, प्रत्येकी चार क्रेट, म्हणजे २८.

क्रेटवर क्रेट ठेवले तर वाढतील ना, असं व्यापाऱ्यांनी विचारलं. वाढतात. दोनाच्या थप्पीला ५७० लागतात, खाचेमुळे ६००. चार थर, प्रत्येकी आठ, एकूण ३२. पण भरलेला क्रेट २५ किलोचा होता. आठ क्रेट म्हणजे फळीवर २०० किलो, आणि त्या रॅकची एका थराची क्षमता १५० किलो, तीही वजन सारखं पसरलेलं असेल तर. चार जादा क्रेटसाठी रॅक धोक्यात घालायचा आणि खालचा क्रेट काढायला दर वेळी वरचा उचलायचा, हे मी होऊ दिलं नाही. शिवाय बीममधलं अंतर वाढलं की खांबाचा आधाराशिवायचा भाग लांब होतो आणि त्याची ताकद घटते, म्हणून बीम हलवण्याआधी रॅक बनवणाऱ्याकडून क्षमता पुन्हा काढून घ्यावी लागते. माळव्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेला प्लॅस्टिकचा क्रेट वरच्या वजनाने हळूहळू फुगतो, ते निराळंच. बीमवर भार जास्त झाला का, हे दोरीने कळतं. बीमच्या दोन टोकांना दोरी ताणून धरा आणि मध्ये किती झोक आहे ते मोजा. लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंतचा झोक सर्वसाधारणपणे चालतो. १८०० ला तो ९ मिमी. त्याहून जास्त दिसला तर माल लगेच उतरवावा.

मग आम्ही सहा खण नव्याने आखले. ऑइल सील, वॉशर, बुशिंग यांना मोठा क्रेट लागतच नव्हता. त्यांच्यासाठी ४०० लांब, ३०० रुंद, १२० उंच असे छोटे क्रेट घेतले आणि मोठ्यांपैकी जेवढे विक्रेता परत घेईल तेवढे दिले. छोट्यांना २५० चा टप्पा पुरतो. १५० आणि ५०० वरच्या फळ्यांवर जड भागांचे मोठे क्रेट ठेवले. ८५०, ११०० आणि १३५० वर, म्हणजे हाताला सहज येतील तिथे, रोज लागणारे छोटे. १६०० आणि १९५० वर पुन्हा मोठे, पण रबराच्या हलक्या मालाचे. छोटा क्रेट ४०० ची बाजू समोर करून ठेवला तर मागेपुढे दोन ओळी बसतात, थराला आठ. एका खणात १६ मोठे आणि २४ छोटे, एकूण ४०. मात्र मागची ओळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुढच्या-मागच्या जोडीत एकच वस्तू ठेवायची, आणि वेगवेगळ्या वस्तू मोजताना त्या २४ ना १२ च धरायचं.

नवी खरेदी करणाऱ्यांना मी आता आधी एकच खण उभा करायला सांगतो. दोन-चार क्रेट उसने आणायचे, त्यात खरा माल काठोकाठ भरायचा, आणि जो माणूस रोज माल काढणार आहे त्यालाच हातमोजे घालून काढ-घाल करायला लावायची. वरच्या फळीपर्यंत त्याचा हात पोचतो का, शिडी लागते का, शिडी लागली तर ती वाटेत मावते का, हे तिथेच समजतं. या गोदामात २२५० ची फळी शिडीशिवाय कुणाच्याच हाती येत नव्हती. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या सहा खणांतही रोजच्या कामाचे क्रेट खणाला २८ नसून २४ च आहेत. वरच्या चारांत आम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लागणारा हलका माल ठेवला. शिवाय येणारा नवा माल आधी उतरवायला जागा हवी, म्हणून दर खणात तीन-चार जागा मुद्दाम रिकाम्या ठेवतो. क्रेटची ऑर्डर त्या जागा वजा करूनच द्यायची.