कपाळ मोठे की केस मागे सरकले?

'डॉक्टर, माझे कपाळ फार मोठे दिसते, पुढे केस कापू का?' असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. १९६० च्या 'लव्ह इन शिमला' चित्रपटात अभिनेत्री साधना यांचे रुंद कपाळ कपाळावरच्या बटांनी झाकले गेले आणि 'साधना कट' घरोघरी पोचला. पण कात्री लावण्यापूर्वी कपाळ मुळातच मोठे आहे, की केस मागे हटले आहेत, हे ओळखले पाहिजे.

त्यासाठी एक फोटो काढावा. केस मागे घ्यावेत आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर धरावा. हातभर अंतरावरून किंवा वरून काढलेल्या फोटोत कपाळ उगीचच मोठे दिसते. आता फोटोवर पट्टी ठेवून तीन भाग मोजा : केसांपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तेथून हनुवटीपर्यंत. ढोबळमानाने हे भाग सारखे असतात. वरचा भाग स्पष्टपणे मोठा असेल, तर कपाळ उंच. आता समोरून काढलेल्या जुन्या फोटोत हीच मोजणी करा.

माझ्याकडे आलेल्या एका चौतीस वर्षांच्या शिक्षिकेच्या लग्नाच्या फोटोत तिन्ही भाग वीस-वीस मिलिमीटर होते. नव्या फोटोत खालचे दोन वीसच, पण वरचा चोवीस. कानशिलांवरचे केस विरळ झाले होते, मात्र कडेला बारीक लव शिल्लक होती. रोज घट्ट ओढून घातलेल्या वेणीचा हा परिणाम. याउलट कपाळाची रेषा जागेवर राहून मधला भांगच रुंदावत असेल, तर ते केस गळण्याचे वेगळे दुखणे असते.

त्यांना वेणी सैल घालण्यास सांगितले. कपाळावरच्या बटा कडेच्या नाजूक केसांतून न घेता, दोन बोटे मागच्या दाट केसांतून घ्याव्यात आणि भुवयांपर्यंत ठेवाव्यात. भांग मधोमध न पाडता बाजूला पाडावा व अधूनमधून बदलावा. केस विरळ असल्याने लेअर थोडे आणि हनुवटीच्या खालून सुरू करावेत. वर आखूड थर कापले की टोके आणखी विरळ दिसतात.

कपाळ लहान असेल, तर सरळ दाट झालर ते आणखी लहान करते. तेथे एका बाजूला वळवलेल्या लांब बटा बऱ्या. कपाळाच्या रेषेवर भोवरा असेल, तर बटा दुभंगतात. केस ओले करून न विंचरता वाळू द्या, म्हणजे भोवरा दिसेल. ओले केस वाळल्यावर आखूड होतात, म्हणून कापताना बोटभर लांब ठेवावेत.

ओढ वेळीच थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे राहिली तर मुळेच नष्ट होतात. कडेला लाली, खाज, पुटकुळ्या किंवा गुळगुळीत चकाकी दिसल्यास बटांनी झाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.