न्हाणीघरातील बादलीवरील पांढरा थर : एक प्रात्यक्षिक पाठ

इयत्ता : सहावी व सातवी. विषय : सामान्य विज्ञान. वेळ : दोन तासिका.

साहित्य : पांढरा थर आलेली प्लास्टिकची एक बादली व एक मग, एक लिंबू, लिंबूसत्व, धुण्याचा सोडा, जुने सुती फडके, वाळलेल्या घोसाळ्याचा चोथा, कोमट व गरम पाणी.

उद्देश : बादलीवर दिसणारा थर एकच नसून दोन निरनिराळ्या पदार्थांचा असतो, व एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

प्रस्तावना

विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी ज्या गावी दुष्फेन, म्हणजे लोकांच्या भाषेत जड असते, तेथील बहुतेक न्हाणीघरांत बादलीच्या आतल्या अंगास पांढरट कडे आढळते. ते घालविण्यासाठी कोणी विटेचा चुरा वापरतो, कोणी तारेच्या घासणीने खरवडतो. बादली त्या दिवसापुरती उजळते. परंतु प्लास्टिकवर बारीक चरे पडतात, आणि पुढचा थर त्या चऱ्यांत पहिल्यापेक्षा लवकर व घट्ट बसतो. शिक्षकांनी प्रारंभी विद्यार्थ्यांस विचारावे : पाण्याने रोज धुतली जाणारी वस्तू पाण्यानेच मळते, हे कसे?

थर कसा बसतो

दुष्फेन पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. बादली रिकामी झाली तरी तिच्या अंगाला थोडे पाणी चिकटून राहते. ते वाळू लागले म्हणजे त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, आणि विरघळलेला क्षार न विरघळणाऱ्या चुनखडीच्या रूपाने मागे उरतो. येथे एक सोपे गणित घालावे. एक लिटर पाण्यात 400 मिलिग्रॅम चुनखडी होईल इतका क्षार आहे, आणि बादलीस दररोज 50 मिलिलिटर पाणी चिकटून वाळते, असे धरले, तर रोज 20 मिलिग्रॅम चुनखडी बसेल. वर्षाला ती सुमारे 7 ग्रॅम होते. चमचाभर खडूची पूड बादलीस सारवावी, तितकी ही होय.

दुसरा पदार्थ साबणाचा साका. साबण हा मेद व सोडा यांच्या संयोगाने बनतो. दुष्फेन पाण्यात त्यातील सोड्याची जागा चुना घेतो, आणि फेस येण्याऐवजी पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. हाच साका मगाच्या कडेस व मुठीच्या खाचेत राखाडी रंगाने साठतो. धुण्याच्या कृत्रिम पावडरीचा असा साका सहसा होत नाही. म्हणून कपडे भिजविण्याच्या बादलीपेक्षा आंघोळीच्या मगावर तो अधिक दिसतो.

थराची ओळख

विद्यार्थ्यांनी थर नखाने किंचित खरवडून पाहावा. पूड निघाली तर चुनखडी. नखाखाली मेणासारखा लगदा आला तर साका. मग खरवडलेल्या जागी लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. चुनखडीवर बारीक बुडबुडे उठतात. साक्यावर बहुधा काहीच दिसत नाही. बुडबुडे सूक्ष्म असल्याने ते उजेडात व जवळून पाहणे आवश्यक आहे. बादलीचे बाहेरचे अंग खरखरीत झाले असून लिंबाने बुडबुडे येत नसतील, तर ते उन्हाने खराब झालेले प्लास्टिक असू शकते. त्यास कोणताही उपाय नाही.

प्रत्यक्ष कृती

पंधरा लिटरची एक बादली उदाहरणादाखल घेऊ. काठाखाली चार बोटे रुंदीचे पांढरे कडे आहे, आणि तळाशी चिकट राखाडी थर आहे.

प्रथम एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवावे. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून मिळते ते हेच. फडके त्यात भिजवून कड्यावर आतून चिकटवावे, व उरलेले द्रावण तळाशी ओतावे. अर्धा ते एक तास तसेच ठेवावे. मधून मधून फडके पुन्हा भिजवावे. ते वाळल्यास विरघळलेला चुना पांढऱ्या रूपाने तेथेच परत बसतो, आणि कृती निष्फळ झाल्यासारखी वाटते. ताज्या लिंबाने हे काम होईल काय, असे विद्यार्थी विचारतील. एका लिंबात साधारणपणे दीड-दोन ग्रॅमच आम्ल असते. म्हणून मगास ते पुरते, बादलीस पुरत नाही.

यानंतर चोथ्याने हलके घासून बादली स्वच्छ पाण्याने धुवावी. कडे गेलेले दिसेल, पण तळ तेलकट लागेल. आम्लाने साक्यातील चुना काढून घेतला, मेद मात्र मागे राहिला. आता एक लिटर गरम पाण्यात, हात सोसेल इतक्या, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून तळ व कडा घासाव्या. सोडा त्या मेदाचा पुन्हा साबण करतो, आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. उकळते पाणी घेऊ नये; पातळ मग त्याने वाकतो. सोड्याच्या पाण्याने हाताची त्वचा कोरडी पडते. म्हणून हे काम शिक्षकांनी हातमोजे घालून करावे.

साक्याखाली चुनखडीचा जुना थर दबलेला असेल तर तो आता उघडा पडेल. तेव्हा हाच क्रम दुसऱ्यांदा करावा.

होणाऱ्या चुका

आम्ल व सोडा एकत्र ओतल्यास मोठा फेस येतो, आणि काम जोरात चालले आहे असा समज होतो. वस्तुतः दोन्ही एकमेकांस नष्ट करतात. थरासाठी फारसे काही उरत नाही. हे दोन वाट्यांत करून दाखवावे : एकीत खडूच्या तुकड्यावर नुसते लिंबूसत्वाचे द्रावण, दुसरीत तेच द्रावण सोडा घालून फेस निवाल्यानंतर. खडू चुनखडीचा असावा. पुष्कळ खडू जिप्समचे असतात व त्यांवर बुडबुडे येत नाहीत. तसे आढळल्यास अंड्याचे कवच घ्यावे.

दुसरी चूक धोक्याची आहे. शौचकूप धुण्याचे तीव्र ॲसिड या कामी वापरू नये. आणि ज्या बादलीत पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर कालविली जाते, तीत कोणतेही आम्ल, लिंबूसत्वसुद्धा, टाकण्यापूर्वी ती भरपूर पाण्याने धुतलीच पाहिजे. पावडर व आम्ल एकत्र येताच क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने गुदमरून प्राणावर बेतू शकते. उग्र वास येताच मुलांस बाहेर मोकळ्या हवेत न्यावे, व वास जाईपर्यंत कोणासही आत जाऊ देऊ नये.

समारोपाचे प्रश्न

1. पितळी घंगाळ चिंचेने घासून मग राखेने घासण्याची रीत होती. या दोहोंपैकी आम्ल कोणते, व सोड्याचे काम कोण करते?
2. स्वच्छ केलेली बादली रोज पुसून पालथी घातली, तर वरील गणितातील कोणता आकडा बदलेल?

गृहपाठ : घरातील एका मगावर नखाची व लिंबाची परीक्षा करून थर कोणता ते लिहून आणणे. एक मग रोज पुसून व दुसरा न पुसता ठेवून, महिन्याच्या शेवटी दोन्ही वर्गात तुलनेसाठी आणावेत.