भांगातले पांढरे केस आणि शाळेची घाई

नववीतल्या मुलीच्या भांगाशी आणि कानाजवळ आठ-दहा पांढरे केस दिसले, की घरातलं कुणीतरी काळ्या मेंदीची पुडी काढतं. ती पुडी आधी उलटी करून वाचा. घटकांत पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमाइन, असेल तर नाव मेंदीचं असलं तरी तो पक्का डायच आहे. निव्वळ मेंदीने पांढरा केस केशरी होतो, काळा होत नाही.

पीपीडीची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असं नाही. चार-पाच वेळा काही होत नाही आणि मग एकदा कपाळ, पापण्या सुजतात. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाशी पांढरं दिसलं की डाय पुन्हा लावावाच लागतो. चौदाव्या वर्षी सुरुवात केली तर हा रतीब कित्येक वर्षांचा. युरोपात अशा डायच्या खोक्यावर सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही, अशी सूचना छापावी लागते. माझं मत विचाराल तर शाळा संपेपर्यंत पक्का डाय नकोच.

त्याऐवजी धुऊन निघणारा काळा किंवा गडद तपकिरी हेअर मस्कारा घ्या. त्यातही पीपीडी नाही ना, ते बघा. दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ठेवा. खाज किंवा लाली आली तर तो वापरायचा नाही.

१. आदल्या दिवशी केस धुवा. तेलकट केसांवर रंग धरत नाही, ओघळतो. ज्यांना रोज तेल चोपडायची सवय आहे त्यांचं इथेच बिनसतं.

२. सकाळी कोरड्या केसांचा नेहमीचा भांग पाडा. खांद्यावर जुना टॉवेल टाका, गणवेश नंतर घाला.

३. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निपटून घ्या. त्वचेपासून किंचित अंतर सोडून फक्त पांढऱ्या केसांवरून टोकाकडे फिरवा. रंग जास्त झाला तर केस एकमेकांना चिकटून काडीसारखे होतात आणि लपवायचं तेच उठून दिसतं.

४. तीन-चार मिनिटं वाळू द्या, मग हलका कंगवा फिरवून वेण्या घाला. बोट लावून पाहा, काळं लागलं तर अजून ओलं आहे.

पीटीच्या तासाला घाम येतो, तेव्हा कानामागे रंग लावू नका, कॉलर खराब होते. रात्री तो ठेवून झोपायचं नाही. खोबरेल चोळून पंधरा मिनिटांनी सौम्य शाम्पूने धुवा. रोज धुवून केस कोरडे पडतात, म्हणून हे फोटो किंवा समारंभाच्या दिवसापुरतं ठेवा. एरवी भांग बाजूला घेतला तरी बरंच झाकलं जातं.

पांढरे केस झपाट्याने वाढत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बी-१२, लोह किंवा थायरॉइडची तपासणी ते सांगतील. मधल्या काळात केस उपटू नका. मूळ दुखावतं, आणि पुन्हा आला तर तो पांढराच येतो.